वसई, तीन दिवस आणि एक जास्तीचं शून्य

वसईला नक्की जा. डिसेंबरात जा, हवा छान असते. किल्ला बघा, राजोडीचा किनारा बघा, आगाशीची सुकेळी आणा. फक्त तिथे कुणी जमिनीचा भाव सांगायला लागलं आणि तुमच्यासोबत परदेशातलं माणूस असलं, तर आधी घरातल्या इंग्रजी बोलणाऱ्या जावयाला काहीतरी आणायला लांब पाठवा. मीठ, रॉकेल, काहीही. हा सल्ला कुठल्याही प्रवासाच्या पुस्तकात मिळणार नाही, म्हणून सुरुवातीलाच देऊन टाकते.

मी जाऊन आले त्याला आता चार महिने होतील. मध्यंतरी दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा इतकी चिडले की संगणक बंद केला. आजही चिडलेलीच आहे, पण आज लिहिणार आहे.

जायचं ठरलं ते हारुमीमुळे. माझा मावसभाऊ दीपक नोकरीसाठी ओसाकाला गेला, तिथेच हारुमीशी लग्न करून राहिला आणि दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेला. हारुमी तिथे एका इस्पितळात परिचारिका आहे. लग्नानंतर ती एकदाही भारतात आली नव्हती. दरवेळी काहीतरी आडवं यायचं. या वर्षी तिनं मला इंग्रजीत दोन ओळींची मेल पाठवली: मला त्याचं घर बघायचं आहे, तुम्ही सोबत याल का? पुण्याहून मी एकटी गाडी घेऊन निघाले, मुंबई विमानतळावर तिला घेतलं आणि थेट वसईचा रस्ता धरला.

रस्त्याबद्दल विचाराल तर घोडबंदरवरून जा, पण सकाळी लवकर. खाडीच्या पुलावर एकदा अडकलात की अडकलात. हायवे सोडून वसई फाट्याला आत वळलं की खड्डे सुरू होतात, आणि खड्ड्यांच्या दोन्ही बाजूंना फलक. दर फलकावर एक गोरं कुटुंब हसत उभं आणि खाली फ्लॅटचा भाव: 'फक्त ११.५० पासून पुढे'. अकरा पॉइंट पन्नास काय? लाख लिहिलेलं नाही, रुपये लिहिलेले नाहीत. हारुमीनं विचारलं, हे तापमान आहे का? मी हसले. तेव्हा हसायला येत होतं.

मावशीचं घर होळी नावाच्या वस्तीत आहे, वसई गावाच्या जवळ. स्टेशनवरून येणार असाल तर पश्चिमेला उतरून रिक्षा करा आणि बसण्याआधी भाडं ठरवा. स्टेशनची गर्दी मागे पडली की अचानक वाड्या सुरू होतात. केळी, पानवेली, अळू, सोनचाफा, आणि मोगऱ्याच्या ओळी. मावशीचा थोरला मुलगा सुहास ही वाडी करतो. पहाटे फुलं खुडून दादरच्या बाजारात पाठवतो. दीपक धाकटा. या वाडीतच वाढला.

मावशीनं हारुमीला दारात ओवाळलं, तोंडावरून हात फिरवला आणि पदर डोळ्याला लावला. एकीला जपानी आणि कामापुरतं इंग्रजी येतं, दुसरीला वाडीतली बोली. तरी दोघी चुलीपाशी बसून तासभर बोलल्या. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील. हारुमीनं बोंबलाचा काटासुद्धा ठेवला नाही. मावशी मला म्हणाली, "दीपकनं शिकवलंय गो तिला. बघ कशी खाते ती."

जेवण झाल्यावर हारुमीनं पहिली गोष्ट विचारली ती विहिरीची. दीपक तिला त्या विहिरीच्या गोष्टी सांगायचा. पोहायला तिथेच शिकला, शाळेतून आल्यावर दप्तर काठावर टाकून उडी मारायची आणि मावशीनं काठी घेऊन वर उभं राहायचं. सुहासनं तिला विहीर दाखवली. गोल, जांभ्या दगडाची, पाणी हातभर खाली. ती काठावर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

आता खरी गोष्ट. विहीर मावशीची नव्हती. वाटणी झाली तेव्हा विहिरीचा तुकडा चुलतदीर वसंतकाकांकडे गेला, आणि पाणी दोघांनी वापरायचं असं तोंडी ठरलं. ते आजवर चाललं. या वर्षी वसंतकाकांनी तो दोन गुंठ्यांचा तुकडा विकायला काढला. घेणारा दलाल भिंत घालणार आणि विहीर आपल्या आत घेणार. समुद्राच्या इतक्या जवळ गोड पाण्याची विहीर नशिबानं लागते, बोअर मारली तर बहुतेकदा खारं पाणी येतं. म्हणजे विहीर गेली की मोगरा गेला. त्या भागात रीत अशी की बाहेरच्याला देण्याआधी भाऊबंदाला विचारायचं. वसंतकाकांनी विचारलं होतं. दलालानं जो भाव लावला त्याच भावात तुम्ही घ्या, शुक्रवारी दिवेलागणीपर्यंत थांबतो, असं ते म्हणाले होते. आम्ही पोचलो गुरुवारी.

भाव होता गुंठ्याला पावणेदोन. दोन गुंठ्यांचे साडेतीन. वाचणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला कळलं असेल की पावणेदोन लाख आणि साडेतीन लाख. 'लाख' हा शब्द मी लिहिलाही नव्हता. वसईत काय, पुण्यात काय, जमिनीच्या बोलण्यात तो कुणी उच्चारतच नाही. 'साडेतीनला पडेल', 'दोन कमी कर', 'त्याच्याकडे एक आहे'. दलाल लोक तर त्याहून पुढे, लाखाची पेटी करतात आणि कोटीचा खोका. रुपये हा शब्द फक्त भाजीवालीशी घासाघीस करताना वापरायचा. सुहासकडे एक होता. एक म्हणजे अर्थात एक लाख.

शुक्रवारी सकाळी मी हारुमीला किल्ल्यावर चल म्हटलं. ती म्हणाली, मी आईंबरोबर फुलं ओवते. मी एकटी गेले. किल्ल्याला तिकीट नाही, तटावरून खाडी दिसते, चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती अजून ताठ उभ्या आहेत. आतमध्ये क्रिकेट चालू असतं, डोकं सांभाळा. पाणी बरोबर न्या, आत काही मिळत नाही. मी दुपारभर फोटो काढले. ते फोटो मी या लेखात टाकणार नाही, कारण ते बघितले की मला आठवतं की मी भिंतींचे फोटो काढत होते तेव्हा तिकडे ओटीवर काय चाललं होतं.

ओटीवर प्रकाशराव आले होते. प्रकाशराव म्हणजे सुहासच्या बहिणीचा नवरा. नायगावला नव्या टॉवरमध्ये राहतात, अंधेरीत नोकरी, आणि 'आमचं रोज फॉरेन क्लायंटशीच बोलणं असतं' हे वाक्य ते पाणी मागतानासुद्धा म्हणू शकतात. त्यांना बघून हारुमीला बरं वाटलं, कारण सुहासचं इंग्रजी बेताचं. विहीर विकायला निघाल्याचं तिला एव्हाना कळलं होतं. तिनं त्यांच्यामार्फत सुहासला विचारलं की विहिरीचा तुकडा किती किमतीला आहे.

पुढचं मला नंतर सुहासनं सांगितलं, शब्दन् शब्द.

"मी म्हटलं, साडेतीन. प्रकाशराव म्हणाले, थ्री पॉइंट फाइव्ह लॅक्स. तिला लॅक कळलं नाय. ती म्हणाली, लॅक काय? तर हे म्हणाले, लॅक इज लाइक युवर मिलियन."

लाइक युवर मिलियन. म्हणजे तुमचं मिलियन तसं आमचं लाख. लाख म्हणजे एकावर पाच शून्यं, मिलियन म्हणजे एकावर सहा. दहा लाखांचं एक मिलियन होतं, हे पाचवीतल्या मुलाला विचारा. मोठ्या रकमेचा आपला शब्द म्हणजे त्यांचाही मोठ्या रकमेचा शब्द, असा यांचा हिशेब!

"मग ती परत म्हणाली, थ्री पॉइंट फाइव्ह मिलियन? माझ्याकडं बघून म्हणाली. मी थ्री पॉइंट फाइव्ह ऐकलं आणि मान हलवली. बरोबरच होतं ना ते?"

इथेच सगळं बुडालं. आकडा बरोबर होता. साडेतीन हे साडेतीनच होतं. चुकला होता तो त्याच्या पुढचा शब्द, आणि तो शब्द आम्ही पिढ्यान् पिढ्या बोलतही नाही आणि ऐकतही नाही. ओटीवर चार माणसं होती, मावशी, सुहास, प्रकाशराव आणि हारुमी. त्यातल्या तिघांच्या कानांना साडेतीनच्या पुढचं काही ऐकायची सवय नव्हती. जिला होती तिला सांगितलं गेलं पस्तीस लाख.

हारुमीनं मान खाली घातली, हात जोडले आणि म्हणाली, सॉरी, माझ्याकडे एवढे नाहीत. प्रकाशरावांनी त्याचं मराठी केलं, "नाही जमणार म्हणतायत वहिनी." एवढंच. तिनं रक्कम सगळी शून्यं मांडून कागदावर लिहिली असती, तरी कुणीतरी दचकलं असतं. पण पाहुणीशी पैशाचं बोलणं लांबवणं आपल्याकडे बरं दिसत नाही, आणि तिच्याकडेही दिसत नसावं.

मी संध्याकाळी आले तेव्हा ओटी रिकामी होती. हारुमी खोलीत होती. विचारलं तर म्हणाली, दमले आहे. मावशी फुलांच्या परडीशी बसली होती. मला म्हणाली, "तिनं नाय म्हटलं गो. मी मागितलं नव्हतं हो. तिनंच आपणहून विचारलं, आणि मग नाय म्हटली. असू दे बाय. माझा पोरगा गेला, तिथंच आमचं नातं संपलं." तोवर दिवे लागले होते. सुहास जाऊन वसंतकाकांना सांगून आला होता की आमचं जमत नाही.

मलाही हारुमीचा राग आला, हे लपवत नाही. साडेतीन लाख! जपानातली परिचारिका! पण आपण कोण बोलणारे, असं म्हणून मी झोपले.

शनिवारी सकाळी तिला राजोडीला नेलं. नालासोपारा पश्चिमेकडून रस्ता आहे, शेवटचा भाग अरुंद पण बरा. सुरूची झाडं, काळसर वाळू, शहाळं दहा-बारा रुपये. सकाळी गेलात तर किनारा जवळजवळ तुमचाच. हारुमी पाण्याकडे बघत बसली होती. मग एकदम म्हणाली (ती मला नंदासान म्हणते, 'सान' म्हणजे आपल्या 'ताई'सारखं), "नंदासान, आईंना वाईट वाटलं. मला माहीत आहे. पण मी आयुष्यभर काम केलं तरी एवढे पैसे साठणार नाहीत."

मी म्हटलं, आयुष्यभर?

ती म्हणाली, एवढ्यात आमच्याकडे छोटं घर येतं.

वसईतल्या दोन गुंठ्यांच्या पैशात ओसाकात घर? मी तिला म्हटलं, किती सांगितलं तुला? लिही. तिनं सुरूची काडी घेतली आणि वाळूत लिहिलं: ३५०००००. आकडे इंग्रजीत होते, पण शून्यं सगळीकडे शून्यंच असतात. मग उजवीकडून चार शून्यं मोजून एक उभी रेघ मारली. जपानीत दर चार घरांनी शब्द बदलतो, दहा हजाराला त्यांच्याकडे 'मान' असा स्वतंत्र शब्द आहे. म्हणजे ती हे तीनशे पन्नास मान असं वाचत होती. इंग्रज दर तीन घरांनी स्वल्पविराम देतो, तो हे साडेतीन मिलियन वाचेल. मी आपल्या पद्धतीनं आधी तीन घरं आणि मग दोन-दोन घरं सोडून दोन टिंबं दिली. पस्तीस लाख. तिन्ही रीतींनी आकडा एकच येत होता, आणि तो साफ चूक होता.

मी वाकले आणि हातानं शेवटचं शून्य पुसून टाकलं.

तिला वाटलं मी काही खेळ करते आहे. मी म्हटलं, हे. एवढेच. साडेतीन लाख रुपये. तिनं ओठ हलवत हिशेब केला. तेव्हा एका रुपयाला साधारण तीन येन पडत होते. एकशे पाच मान. तिचा तीन-चार महिन्यांचा पगार.

"एवढे?" ती म्हणाली. "एवढे तर आहेत. दीपकचेच ठेवलेले आहेत. नंदासान, एवढे आहेत माझ्याकडे!"

शहाळी तिथेच टाकून आम्ही पळालो. गाडीतून सुहासला फोन लावत होते, तो बाजारात, उचलत नव्हता. नालासोपाऱ्यात एका ट्रकमागे गाडी अडकली आणि मी आयुष्यात कधी दिल्या नव्हत्या तशा शिव्या काच वर करून दिल्या. हारुमीला त्यांचा अर्थ विचारावा लागला नाही.

वसंतकाका अंगणात बसले होते. दलाल नुकताच उठून गेला होता. विसार दिला होता, म्हणजे बोलणं पक्कं करायचे पहिले पैसे. मी ओट्याच्या काठावर बसूनच सगळं सांगितलं. म्हातारा माणूस, ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "मी थांबलो होतो ना पोरी. दिवे लागेपर्यंत थांबलो. तुमच्याकडनं नाय आलं. आता पैसे घेतले, शब्द दिला. तो कसा फिरवू?"

त्यांच्यावर रागावता येईना, आणि त्यामुळे राग आणखी वाढला. मी दलालालाही फोन केला. तो गोड बोलला. म्हणाला, "मॅडम, मी तुम्हाला सोडतो ना. गुंठ्याला तीननं घ्या." एका सकाळीत पावणेदोनाचे तीन. हारुमी म्हणाली, देऊ या, दीपकच्या ठेवीत मी थोडे घालते. मावशी तेवढ्यात आमचा आवाज ऐकून तिथे आली होती, तिनं माझ्या तोंडून सगळं ऐकलं. तिनं हात आडवा केला. "नको. माझ्या पोराच्या घामाचे पैसे त्या माणसाच्या घशात नको."

दुपारी प्रकाशराव आले. मी त्यांना बसू दिलं नाही, उभं ठेवूनच विचारलं. मला वाटलं होतं माणूस निदान गोरामोरा होईल.

"अहो ताई, आपला लाख म्हणजे त्यांचा मिलियनच की. बोलण्यात तसंच म्हणतात. सगळेच म्हणतात."

"तुमचा पगार लाखात सांगता ना? क्लायंटला मिलियनमध्ये सांगा तो, बघा किती हसतो."

"एका शून्याचाच तर फरक, ताई."

एका शून्याचाच! पगाराच्या चिठ्ठीवर तेवढंच शून्य कमी आलं असतं तर हा माणूस अंधेरीपासून नायगावपर्यंत रडत आला असता. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. सुहासनं मला आत ओढलं, जावई आहेत म्हणून. जावई! आयुष्यभर इंग्रजी येतं म्हणून मिरवलं, आणि एकदा खरंच लागलं तेव्हा शब्दाला जवळचा शब्द चिकटवून मोकळे झाले. कळत नव्हतं तर कागद पुढे करायचा, शून्यं मांडायची. पण कागद मागितला तर कमीपणा येतो ना!

परतताना वाट वाकडी करून आगाशीला गेलो. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली, मध रंगाची केळी, पानात बांधून मिळतात. घ्याच. दुकानदारानं भाव सांगितला आणि हारुमीनं पाकिटातून पेन काढून हातावर लिहून त्याला दाखवला. तो हसला. मी हसले नाही.

घरी येऊन चार महिने झाले. तुम्ही विचाराल, वसईचं काय लक्षात राहिलं? बोंबील राहिले, राजोडीची सकाळ राहिली. बाकी संताप राहिला. गेल्या महिन्यात एका बारशाला प्रकाशराव पाच-सहा जणांत उभे राहून 'आमच्या जपानी वहिनींचा किस्सा' सांगत होते आणि माणसं पोट धरून हसत होती. मी तिथून न जेवता निघाले.

भिंत झाली. सुहासनं बोअर मारली, पाणी खारं लागलं. मोगऱ्याच्या चार ओळी त्यानं काढून टाकल्या.

आणि गेल्या आठवड्यात हारुमीनं मावशीच्या खात्यात पैसे पाठवले. बरोबर साडेतीन लाख. बँकेतून कळल्यावर मावशीनं सुहासच्या फोनवरून मला फोन लावला. मला वाटलं, रडेल. रडली नाही.

"तिला लिही," मावशी म्हणाली. "म्हणावं, पैसे पोचले, पण विहीर गेली, आता त्यांचं काय करू ते मला समजत नाय. तुझे तू परत घे. आणि दुसरं लिही. म्हणावं, तू नाय म्हटलं नव्हतंस, ते मला समजलं. मी त्या दिवशी नातं संपलं म्हटलं, ते मी परत घेतलं. तू आणखी एकदा ये. लिहिशील ना?"

मी म्हटलं, लिहीन.

"तूच लिही," ती म्हणाली. "जावयाला सांगू नको सांगायला."